झूलणा मराठीत आणताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी बसून मी गुजराती संतकवी नरसिंह मेहतांच्या प्रभातियांचा मराठी अनुवाद करते आहे, हे गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक छापायला जायच्या आधी मला त्याची प्रस्तावना लिहायची होती. कवीविषयी लिहिणं सोपं होतं. पंधरावं शतक, जुनागढ, पहाटे गायची पदं, हे सगळं कुणीही सांगेल. प्रस्तावनेचा खरा भाग म्हणजे अनुवाद करताना मी काय धरलं, काय सोडलं आणि का, याचा हिशेब. तो हिशेब मावशीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अगं, मात्रा-बित्रा मला कळत नाही. एकच ओळ घे आणि ती गुजरातीतून मराठीत कशी आली ते पहिल्यापासून सांग." मावशीचं ऐकून हा लेख तसाच लिहिला आहे. एकच पद, त्याच्या पहिल्या चार ओळी.

मूळ ओळी अशा:

जागीने जोउं तो जगत दीसे नहीं,
ऊंघमां अटपटा भोग भासे;
चित्त चैतन्य विलास तद्रूप छे,
ब्रह्म लटकां करे ब्रह्म पासे.

गुजराती न येणाऱ्यांसाठी सरळ अर्थ सांगते. जागा होऊन पाहतो तर जग दिसतच नाही, झोपेत मात्र नाना अटपटे भोग भासत होते. चित्त हे चैतन्याचाच विलास आहे, त्याच्याशी एकरूप आहे. ब्रह्म ब्रह्मासमोर 'लटकां' करतं. हा शेवटचा शब्द तूर्त तसाच ठेवते, त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी लय. या ओळी झूलणा छंदात आहेत. झूलणा म्हणजे झुलणारा. बडोद्यात ज्यांच्या घरी हिंचका, म्हणजे झोपाळा, आहे त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. छंदाचा हिशेब असा की ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं आणि त्यावर आघात पडला तर ते अक्षरही दीर्घ धरायचं. झूलण्याचं पूर्ण चरण ३७ मात्रांचं असतं. पाच-पाच मात्रांचे सात झोके आणि शेवटी दोन मात्रांचं एक अक्षर, असं ते चालतं. चार झोक्यांनंतर, म्हणजे २० मात्रांवर, श्वास घ्यायला जागा असते आणि उरलेल्या १७ मात्रा दुसऱ्या श्वासात येतात. वर छापलेल्या चार ओळी म्हणजे खरं तर दोनच चरणं आहेत, प्रत्येक चरण दोन ओळींत मांडलेलं.

प्रत्येक झोका दोन-एक-दोन असा असतो, लांब-आखूड-लांब. मोठ्याने म्हणून बघा आणि प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या: जागिने, जोउं तो, जगत दी, से नहीं. मग: ऊंघमां, अटपटा, भोग भा, से. 'जगत दी'मध्ये सुरुवातीला एका लांब अक्षराऐवजी 'जग' अशी दोन आखूड अक्षरं आली. दोन आखूड मिळून एक लांब, एवढी मोकळीक झूलण्यात असते. 'अटपटा'तही तेच झालं आहे.

आता प्रश्न असा की ही चाल मराठी वाचकाच्या कानात आधीपासून आहे का. नसेल तर मी कितीही मात्रा जुळवल्या तरी त्याला त्या जाणवणार नाहीत. बरेच दिवस मला वाटत होतं की नाही. आपल्याकडे संतांची कविता म्हटली की ओवी आणि अभंग, आणि या दोन्हींत अक्षरं मोजतात, मात्रा नाही. मग एका संध्याकाळी देवघरात मावशी नेहमीप्रमाणे म्हणत होती, "अच्युतं केशवं रामनारायणं, कृष्णदामोदरं वासुदेवं हरिं". मी नकळत गुडघ्यावर ठेका धरला. अच्युतं, केशवं, रामना, रायणं. हे तर चार झोके! लांब-आखूड-लांब, चार वेळा, २० मात्रा. संस्कृत वृत्तशास्त्रात याला स्रग्विणी म्हणतात. झूलण्याचा पूर्वार्ध तो हाच.

मग उत्तरार्ध शोधला. तो मनाच्या श्लोकांत सापडला. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे भुजंगप्रयात आहे, त्याचा गण आखूड-लांब-लांब असा, म्हणून वरवर पाहता वेगळाच वाटतो. पण सुरुवातीचं 'मना' बाजूला ठेवा आणि उरलेलं म्हणा: सज्जना, भक्तिपं, थेचि जा, वे. तीन झोके आणि शेवटी एक लांब अक्षर, १७ मात्रा. आता दोन्ही जोडून म्हणा: 'अच्युतं केशवं रामनारायणं, सज्जना भक्तिपंथेचि जावे'. अर्थ जुळत नाही, पण लय बिनचूक झूलण्याची आहे. ज्याने लहानपणी संध्याकाळी परवचा म्हटला आहे त्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानात नरसिंह मेहतांचा छंद दोन तुकड्यांत आधीच बसलेला आहे. हे लक्षात आलं त्या दिवशी मी ठरवलं की अनुवाद झूलण्यातच करायचा. प्रस्तावनेत ही जोड-ओळ सगळ्यांत आधी दिली आहे, म्हणजे वाचकाला एकही नियम पाठ न करता चाल कळेल.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. स्रग्विणी आणि भुजंगप्रयात या दोन्हींत आखूड-लांब अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात, त्या हलत नाहीत. झूलण्यात एका लांबाच्या जागी दोन आखूड चालतात. त्यामुळे तो बोलण्याच्या जास्त जवळ जातो, आणि अनुवादकाला थोडी सवड मिळते.

अभंगाचा मोह मला झाला नाही असं नाही. पहिल्या खर्ड्यात याच ओळी अभंगात उतरवल्या होत्या:

जाग येता पाहे । दिसेना हे जग ।
झोपेतले भोग । भासमात्र ॥

सहा, सहा, सहा, चार. अक्षरं बरोबर, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमकही जुळलं. ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं त्यांना हे आवडलं. आणि मला तिथेच शंका आली. ते इतकं ओळखीचं लागत होतं की नरसिंह मेहता देहू-आळंदीचे वाटायला लागले. अभंग थांबत थांबत चालतो, प्रत्येक तुकड्यापाशी पाऊल टेकतो. टाळ वाजायला तिथे जागा असते. झूलण्याची ओळ एका दमात वीस मात्रा पुढे जाते, मग मागे येते. 'जग दिसत नाही' हा धक्का मूळ ओळीत लांब झोक्याच्या टोकाला येतो आणि 'झोपेत भासत होतं' हे परतीच्या झोक्यात. अभंगात दोन्ही गोष्टी एकाच उंचीवर आल्या. शिवाय 'अटपटा' हा शब्द बसेना म्हणून मी तो गाळून टाकला होता आणि त्याच्या जागी 'भासमात्र' हा शब्द ठेवला होता. भोग भासमात्र आहेत हा निष्कर्ष आहे. भोग अटपटे आहेत, म्हणजे विचित्र, गुंतागुंतीचे आहेत, हा स्वप्नातून उठलेल्या माणसाचा अनुभव आहे. नरसिंहांनी अनुभव सांगितला होता आणि मी त्याचा निष्कर्ष करून ठेवला होता. तो खर्डा बाजूला ठेवला.

झूलण्यातला माझा पहिला प्रयत्न असा होता: 'जागुनी पाहता जग न दिसते कुठे'. मोजून पाहा. जागुनी, पाहता, जग न दिस, ते कुठे. वीसच्या वीस मात्रा. मी खूश होते. दिवाळीच्या सुट्टीत घरातली माणसं जमली होती तेव्हा ती ओळ म्हणून दाखवली, आणि मावशीने विचारलं, "म्हणजे तो रात्रभर जागला का?"

ती चूक माझ्या तोवर लक्षात आली नव्हती. गुजरातीत 'जागवुं' म्हणजे जागं होणं. मराठीत 'जागणं' म्हणजे न झोपणं. आपण रात्र जागतो, अभ्यासासाठी जागतो, वचनाला जागतो, पण सकाळी आपल्याला जाग येते किंवा आपण जागे होतो. 'जागून पाहिलं' याचा मराठीत अर्थ झोप न घेता पाहिलं असा होतो, आणि या पदाचा सगळा प्राण तर झोपेतून उठण्यात आहे. आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना ही चूक फार सहज होते. दोन्ही भाषा घरात आणि दारात एकाच वेळी चालू असतात. शब्द सारखा दिसला की अर्थही सारखाच असणार असं आपण धरून चालतो. ज्या शब्दाला प्रतिशब्द नाही तिथे अनुवादक निदान थांबतो तरी. हुबेहूब दिसणाऱ्या शब्दापाशी तो थांबतच नाही, म्हणून तिथे जास्त चुका होतात.

हीच अडचण दुसऱ्या एका सुप्रसिद्ध प्रभातियात आली, 'जागने जादवा कृष्ण गोवाळिया, तुज विना धेनमां कोण जाशे'. तिथे 'जाग ना' असं लिहिण्याचा मोह फार मोठा होता, कारण 'जागने जादवा' यातला ज-ज असा अनुप्रास त्यामुळे टिकला असता. पण मराठीत आई कान्ह्याला 'जाग ना' म्हणाली तर ती त्याला झोपू नकोस म्हणते आहे असं होईल. मी 'ऊठ ना यादवा कृष्ण गोवाळिया, तुजविना गोधनी कोण जाई' असं केलं. अनुप्रास गेला. पण गुजराती 'ने' आणि मराठी 'ना' हे जुळे शब्द मिळाले. 'जाग' हा हुकूम आहे आणि 'जाग ने' ही मनधरणी आहे. 'ऊठ' आणि 'ऊठ ना' यांत अगदी तेवढाच फरक आहे. 'जादवा' हे रूप सोडून 'यादवा' घेतलं, कारण अनुप्रास गेल्यावर ते ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं आणि मराठी डोळ्याला त्यात जाधव हे आडनाव आधी दिसतं.

परत आपल्या ओळीकडे. 'जागुनी पाहता' गेलं आणि तिथे 'जाग येता बघे' आलं. जाग ये, ता बघे, पुन्हा दोन झोके बरोबर. 'बघे' हे मी पाहतो या अर्थाचं कवितेतलं रूप आहे. ओळीच्या शेवटासाठी माझ्यासमोर तीन पर्याय होते, तिन्ही दहा मात्रांचे. 'जगच नाही कुठे', 'जग न दृष्टीस ये' आणि 'जग न दिसते कुठे'. पहिला कानाला सगळ्यांत जोरकस वाटतो. पण मूळ शब्द 'दीसे नहीं' आहेत, म्हणजे दिसत नाही. जग नाही असं नरसिंह म्हणत नाहीत. त्याच कवीने दुसऱ्या प्रभातियात अखिल ब्रह्मांडात एक श्रीहरीच निरनिराळ्या रूपांनी भासतो असं म्हटलं आहे. जग नाहीच असं माझ्या अनुवादात आलं असतं तर एका शब्दापायी मी त्यांना वेगळ्या तत्त्वज्ञानात नेऊन बसवलं असतं. तो पर्याय सोडला. उरलेल्या दोघांचं शेवटी सांगते.

दुसऱ्या ओळीत 'ऊंघमां' म्हणजे झोपेत. 'झोपेत' याच्या मात्रा पाचच होतात, दोन-दोन-एक. कागदावर हिशेब पुरा. पण म्हणून पाहा: 'झोपेत अटपटा भोग भासे'. झोका पुढे जातो आणि टोकाला पोचायच्या आधीच मागे फिरतो, कारण शेवटचं 'त' आखूड आहे आणि झूलण्याला तिथे लांब अक्षर हवं असतं. बोलताना तर आपण तो 'त' जवळजवळ गिळतोच. मात्रांची बेरीज बरोबर आणि चाल लंगडी, असं अनुवादात वारंवार होतं आणि ते मोजून कळत नाही, टाळी देऊन म्हटल्यावरच कळतं. 'झोपता' केलं, दोन-एक-दोन, आणि ओळ झुलायला लागली. झोपेत आणि झोपता यांत अर्थाचा बारीक फरक आहे, पण वरच्या ओळीतल्या 'येता'शी 'झोपता' जोडीने उभं राहतं, म्हणून तो फरक मी स्वीकारला.

मूळ गुजरातीत 'अटपटा भोग' हे अनेकवचन आहे. मराठीत 'अटपटे भोग भासती' म्हणावं लागलं असतं, आणि 'भासती'ने शेवट एका अक्षराने लांबला असता. मी मूळ शब्द जसेच्या तसे ठेवले, 'अटपटा भोग भासे', आणि ते मराठीत एकवचन झालं. भोगांची गर्दी त्यात कमी झाली हे मला मान्य आहे.

तिसऱ्या ओळीत एक गंमतीची गोष्ट सापडली, आणि ती झूलणा समजायला फार उपयोगाची आहे. 'चित्त चैतन्य विलास तद्रूप छे' याच्या मात्रा छापलेल्या शब्दांप्रमाणे मोजल्या तर १९ भरतात. एक कमी. मी तीन-तीनदा मोजल्या. मग शेजारच्या बांना विचारलं. बा ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि हे पद त्या पहाटे म्हणतात. त्यांनी गाऊन दाखवलं तेव्हा उलगडा झाला. त्या 'वीलास' म्हणतात, 'वि' लांबवून. आणि पहिल्या ओळीत 'जागीने' असं दीर्घ छापलेलं असताना 'जागिने' म्हणतात, 'गी' आखडून. चार ओळींच्या आत एक इकार लांबला आणि एक आखडला. गुजराती उच्चारात इ-ई आणि उ-ऊ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद फारसा उरलेला नाही, त्यामुळे लिहिताना काहीही असलं तरी गाणारा लयीप्रमाणे तो ठरवतो. बांना यात काही विशेष वाटलं नाही. "लिहिणारा लिहितो, गाणारा गातो," असं त्या गुजरातीत म्हणाल्या आणि पुढची ओळ गायला लागल्या.

मराठी कवितेतही ही सवलत जुनी आहे, 'पंथेचि'मधला 'चि' आपण ऱ्हस्व लिहितो तो त्याचसाठी. पण माझं पुस्तक बहुतेक लोक मनात वाचतील, गाणार नाहीत. म्हणून प्रस्तावनेत मी एक नियम सांगितला आहे: अक्षर जसं मोजलं तसंच छापलं. शुद्धलेखनाच्या नियमाने कुठे इकार-उकार चुकलेला दिसला तर तो लयीसाठी तसा ठेवला आहे. वाचकाने प्रत्येक अकार पूर्ण उच्चारावा, एवढी विनंतीही केली आहे. 'जग' हा शब्द आपण बोलताना 'जग्' असा तोडतो. तसं केलं तर एक मात्रा हवेत जाते आणि वाचकाला वाटतं अनुवाद अडखळतो आहे.

तिसरी ओळ मी अशी केली: 'चित्त चैतन्यलीलेत तद्रूप हे'. विलासाला 'लीला' हा शब्द घेतला. आणि आता त्या शब्दाकडे येऊ.

'ब्रह्म लटकां करे ब्रह्म पासे.' गुजरातीत लटकां म्हणजे लाडिक हावभाव. मान वेळावणं, डोळे मोडणं, लटके-मुरके यातला जो 'लटका' आहे तो. गरब्यात नव्या नवरीची चाल पाहून बायका हा शब्द वापरतात. अंगणातला, घरातला, बायकांच्या बोलण्यातला शब्द. आणि नरसिंहांनी तो ब्रह्माला लावला आहे. शेजारीच 'चित्त', 'चैतन्य', 'तद्रूप' असे भारदस्त संस्कृत शब्द बसलेले असताना.

मराठीत तीन शब्द डोळ्यांसमोर आले, आणि तिन्ही मात्रांत अचूक बसतात. 'ब्रह्म लटके करी', 'ब्रह्म लीला करी', 'ब्रह्म नखरे करी'. ब्रह्म या शब्दाच्या तीन मात्रा, मग ल-ट, ली किंवा न-ख या दोन, झोका पुरा. म्हणजे लय इथे काहीच मदत करत नव्हती. निर्णय अर्थानेच करायचा होता.

'लटके' हा तर सख्खा भाऊ दिसतो. पण मराठीत लटकं म्हणजे खोटं. लटका राग, लटकी तक्रार. संतांच्या भाषेत 'लटिका' हा शब्द संसाराला लावतात. 'ब्रह्म लटके करी' असं मराठी वाचकाने वाचलं तर ब्रह्म काहीतरी खोटं करतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे ब्रह्मच लटकं आहे, असा अर्थ त्याच्या मनात उभा राहील. नरसिंहांच्या ओळीच्या नेमका उलटा. हा शब्द कितीही जवळचा वाटला तरी घेता येत नव्हता.

'लीला' सुरक्षित होता. बरोबरही होता. मी दोन महिने तो तसाच ठेवला होता. पण प्रत्येक वेळी वाचताना ओळ सपाट वाटायची. कारण मग लक्षात आलं. 'ब्रह्माची लीला' हे मराठीत इतक्या वेळा म्हटलं गेलं आहे की त्यात कुणी काही करताना दिसत नाही. शिवाय नरसिंहांनी लीलेच्या अर्थाचा 'विलास' हा शब्द अर्धी ओळ आधीच वापरला आहे. त्यानंतर ते मुद्दाम खाली उतरून 'लटकां' म्हणतात. दोन्हीकडे 'लीला' लिहिलं तर ती पायरीच नाहीशी होते.

म्हणून 'नखरे'. हा शब्द ऐकून काही जण नाराज होणार हे मला माहीत होतं. आमच्या घरातच एकाने विचारलं, "ब्रह्माला नखरे शोभतात का?" नखऱ्यात मराठीत थोडी नापसंती असते, ती लटकांमध्ये नाही. लटकांमध्ये कौतुक आहे. हे न्यून प्रस्तावनेत मी उघड लिहिलं आहे. तरीही मी तो ठेवला, कारण नखरे करायला समोर कुणीतरी पाहणारं लागतं. इथे करणारंही ब्रह्म आणि पाहणारंही ब्रह्म. एकटं ब्रह्म स्वतःचंच कौतुक स्वतःसमोर मांडून बसलं आहे, हे चित्र 'नखरे' म्हटल्यावर दिसतं आणि 'लीला' म्हटल्यावर दिसत नाही. तळटीप द्यावी असंही सुचवलं गेलं. मी ती दिली नाही. कवितेच्या पानावर तळटीप आली की वाचक नखऱ्याच्या ठिकाणी थांबून खाली पाहतो आणि झोका तुटतो. शब्दांची चर्चा सगळी प्रस्तावनेत, पानावर फक्त पद.

'ब्रह्म पासे'चं मराठी व्याकरणाने 'ब्रह्मापाशी' व्हायला हवं. गुजरातीत 'ब्रह्म' पुढे शब्द आला तरी बदलत नाही. मराठीत सामान्यरूप होतं, म्हणजे एक काना वाढतो आणि एक मात्रा जास्त होते. मराठीला हा कर ओळीओळीत भरावा लागतो. इथे तर मात्रेइतकीच मोठी अडचण अशी की 'ब्रह्मापाशी' म्हटलं की वाचकाला चार तोंडांचा ब्रह्मदेव दिसतो. म्हणून 'ब्रह्मपाशी' असं समासासारखं लिहिलं. यमक मात्र राहिलं नाही. मूळचं भासे-पासे माझ्याकडे भासे-पाशी झालं. यमक राखायचं तर 'नखरे' किंवा 'अटपटा' यांपैकी एकाला हलवावं लागलं असतं. मी यमक सोडलं.

कधी कधी उलटंही घडतं, शब्द नशिबाने मिळतो. नरसिंहांचं दुसरं एक चरण आहे, 'घाट घडिया पछी नामरूप जूजवां, अंते तो हेमनुं हेम होये'. दागिना घडवल्यावर नाव आणि रूप वेगळं, शेवटी सोनं ते सोनंच. 'घाट' हा शब्द आपल्याकडेही घडणीच्या अर्थाने आहे, भांड्याचा घाट म्हणतो तोच. 'घाट घडल्यावरी नामरूपे जुदी' अशी ओळ जवळजवळ आपोआप झाली. यातला 'ड' पुढे 'ल्या' असूनही आखूडच धरला आहे, कारण 'घडल्या' म्हणताना 'ड'वर आघात पडत नाही. उत्तरार्धात मात्र सापळा होता. 'हेमनुं हेम' म्हणजे सोनं होतं ते सोनंच राहिलं. शब्दशः 'सोन्याचं सोनं' म्हटलं की मराठी कानाला संधीचं सोनं करणं आठवतं, तिथे काहीतरी बदलून सोनं होतं, आणि इथे तर काहीच बदललेलं नाही. 'शेवटी हेम ते हेम राहे' असं केल्यावर ते स्थिर झालं.

राहता राहिला पहिल्या ओळीचा शेवट. 'जग न दृष्टीस ये' की 'जग न दिसते कुठे'. पहिल्यात एकही शब्द फुकटचा नाही. दुसऱ्यात 'कुठे' हा शब्द मूळात नाही, तो मात्रा भरायला आला आहे. अशा शब्दांना भरतीचे शब्द म्हणतात आणि अनुवादकाने ते टाळावेत असं मीच इतरांना सांगत आले आहे. दोन्ही ओळी घेऊन मी बांकडे गेले. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण समजतं. मी म्हणून दाखवलं, त्यांनी त्यांच्या चालीत उचललं. 'दृष्टीस'पाशी त्यांची जीभ अडकली. झोका बरोबर 'दृ' आणि 'ष्टी' यांच्या मधोमध तुटत होता, जोडाक्षराच्या पोटात. दुसऱ्यांदाही अडकली. मग 'जग न दिसते कुठे' म्हटलं. 'ठे'वर त्यांनी आवाज लांब सोडला, थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं, खरोखर जग शोधावं तसं, आणि परतीच्या झोक्यात 'झोपता अटपटा' घेतलं.

पुस्तकात ओळी अशा छापल्या आहेत:

जाग येता बघे, जग न दिसते कुठे,
झोपता अटपटा भोग भासे;
चित्त चैतन्यलीलेत तद्रूप हे,
ब्रह्म नखरे करी ब्रह्मपाशी.